तेरा पैशांचा खुलासा

आमचे मॅनेजरसाहेब आणि मी यांच्यामध्ये एक काच होती. काचेला मधोमध एक सरकती खिडकी, तीही कायम उघडी, कारण ती सरकवायचा खटका केव्हाच तुटला होता. साहेब शिंकले की माझ्या टेबलावरची व्हाउचरं हलायची. तरीसुद्धा साहेबांना मला काही विचारायचं असलं की ते मोबाईल काढून मेसेज टाइप करायचे. मी खिडकीतून तोंडी उत्तर दिलं की ऐकूच आलं नाही असा चेहरा करायचे आणि म्हणायचे, "लिहून द्या."

बँकेतून निवृत्त होऊन आमच्या डेअरीत आले होते. बँकेत म्हणे संध्याकाळी एक पैसा जरी जुळला नाही तरी कोणी घरी जायचं नाही. ही गोष्ट ते इतक्या वेळा सांगायचे की मला त्या बँकेतल्या लोकांच्या बायकामुलांची दया यायची. इथे आल्याबरोबर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर आमचं 'राउंड ऑफ' नावाचं खातं बंद केलं. आधीचे मॅनेजर दर पगाराला, म्हणजे दर दहा दिवसांनी शेतकऱ्यांच्या दुधाचे पैसे काढताना, जो काही पाच-दहा पैशांचा फरक येईल तो त्या खात्यात टाकून सही करायचे आणि वडापाव मागवायचे. नव्या साहेबांनी ते खातं उघडून बघितलं, त्यात वर्षभरात सव्वा रुपया जमलेला दिसला, आणि त्यांचे डोळे विस्फारले. "ही चोरांची मोरी आहे," म्हणाले. मी मनात म्हटलं, या मोरीतून चोर जायचा म्हणजे चोर मुंगीएवढा हवा. पण मनातच म्हटलं. नोकरी मला हवी होती.

आमचं ऑफिस दहिवलीत आणि दूध यायचं आसपासच्या गावांतून. त्यातलं कडावचं केंद्र एक बाई चालवायची. तिला सगळे वहिनी म्हणायचे, तिच्यापेक्षा दुप्पट वयाचे बाप्येसुद्धा. सकाळ-संध्याकाळ रांग लागायची. वहिनी प्रत्येकाचं दूध काट्यावर ओतायची, चमचाभर नमुना मशीनला लावायची, मशीन फॅट सांगायचं, फॅटवरून दर निघायचा, दर गुणिले लिटर होऊन कागदाची बोटभर पट्टी बाहेर यायची. ती पट्टी घेऊन माणूस घरी. या सगळ्यात वहिनीचं तोंड अखंड चालू. "काय रं, म्हशीला पानी पाजलंस का दुधाला?" असं ती भर रांगेत विचारायची आणि ज्याला विचारलं तोही हसायचा. इतकी वर्षं ती हंगामी म्हणून लागलेली होती. हंगामी म्हणजे पगार हातात कमी, सुट्टी घेतली तर पैसे कापणार, पीएफ नाही. त्या वर्षी मालकांनी तिला कायम करायचं ठरवलं होतं. पत्र टाइप होऊन तयार होतं, फक्त साहेबांची सही राहिली होती.

आणि नेमका त्याच पगाराला कडावचा हिशोब तेरा पैशांनी जुळेना.

माझ्या कॉम्प्युटरवरच्या हिशोबाच्या शीटमध्ये कडावचं जेवढं बिल निघत होतं, त्याच्यापेक्षा वहिनीच्या मशीनमधल्या पट्ट्यांची बेरीज तेरा पैसे कमी. लोकांना पैसे मिळतात ते पट्ट्यांप्रमाणे. म्हणजे साहेबांच्या डोक्याने विचार केला तर ऑफिसने मंजूर केलेले तेरा पैसे शेतकऱ्यांपर्यंत पोचलेच नाहीत. मधल्या मधे गेले.

मी मेसेज टाकला, "राउंड ऑफमुळे फरक."

काचेपलीकडे टकटक झाली. उत्तर आलं, "राउंड ऑफ कोणी केलं? नाव लिहा."

मी लिहिलं, "मशीनने."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांचा मेसेज, "मशीन आपोआप पैसे कमी करत नाही. चालवणारा कोण?" हे त्यांना ठाऊक होतं. वहिनीचं पत्र त्यांच्याच टेबलावर पेपरवेटखाली पडलं होतं. त्यांनी ते उचललं आणि खणात टाकलं. नंतर कळलं की आदल्या रविवारी कोणीतरी त्यांना एक व्हिडिओ पाठवला होता. परदेशात कुठे एका कारकुनाने प्रत्येक खात्यातून अर्धा-अर्धा पैसा वळवून म्हणे बंगला बांधला. साहेब तो व्हिडिओ बघून आले होते आणि कडावला त्यांना बंगला दिसत होता. वहिनीच्या घराला पुढच्या बाजूला अजून गिलावा नव्हता, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब मला गाडीत घालून कडावला घेऊन गेले. माझं काम फाइल धरायचं. रांग ऐन भरात होती. किटल्या, कॅन, एकाच्या हातात तर कोल्ड्रिंकची मोठी बाटली भरून दूध. साहेब थेट काट्यापाशी गेले आणि मोठ्याने, बँकेच्या काउंटरवर बोलावं तसं म्हणाले, "बाई, तेरा पैसे कुठे गेले ते आधी सांगा. मग कायम करायचं बघू."

वहिनीच्या हातात माप होतं, ते तसंच राहिलं. "कसले तेरा पैसे?"

"तेच तुम्ही सांगायचं आहे."

"साहेब, हितं दूध मोजतात. पैसं मी हातात घेत पन नाय. पैसं परस्पर खात्यात जातात ना?"

"तपास चालू आहे," साहेब म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले. रांगेत एकजण फिस्सकन हसला. दुसरा म्हणाला, "वहिनी, तेरा पैशात आमाला चाय तरी पाजायचीस." सगळे हसले. वहिनी हसली नाही. मला तेव्हा साहेबांचा असा राग आला की हातातली फाइल मी गाडीच्या बॉनेटवर आपटली. साहेबांना वाटलं, माझ्या हातून पडली.

थट्टा एका दिवसात संपली असती तर काही नव्हतं. पण गावात अशी गोष्ट बसते कुठे गप्प. आठवड्याच्या आत रांगेतले लोक पट्टी घेतल्यावर तिथेच मोबाईल काढून गुणाकार करायला लागले. एका म्हाताऱ्याने, ज्याचं दूध वहिनी त्याचा पाय मोडला होता तेव्हा घरी जाऊन आणायची, त्याने दूध परत मोजायला लावलं. वहिनीने ते परत मोजलं. तेवढंच भरलं. म्हातारा म्हणाला, "तसं नाय गं, आपलं बघितलं." त्या संध्याकाळी वहिनीने मला फोन केला.

"ताई, तू शिकलेली हाय. मला सांग, तेरा पैसं मी कसं खाल्लं? मला पन कळूं दे."

मी म्हटलं, "वहिनी, कोणी खाल्ले नाहीत. मी बघते."

"तू काय बघतेस? त्यो म्हातारा माज्या तोंडाकडं बघंना. पत्राचं जाऊं दे गं. पत्र न्हवतं तवा काय मी उपाशी होते?"

पत्राचं जाऊ दे, असं ती म्हणाली खरी. पण त्या पत्रासाठी तिने पीएफचा फॉर्म मला दोनदा वाचून दाखवायला लावला होता, हे मला माहीत होतं. मी तिला सांगितलं की मी साहेबांना नीट लिहून देते, दोन दिवस थांब. आणि तिथेच घोळ झाला, कारण वहिनी थांबणारी बाई नाही.

सकाळी बँकेचं स्टेटमेंट काढलं तर डेअरीच्या खात्यात एक रुपया जमा. पाठवणारी वहिनी. सोबत संदेशाच्या जागी लिहिलेलं, "तेरा पैसे".

मी कपाळावर हात मारून घेतला आणि तिला फोन लावला. "अगं हे काय केलंस?"

"त्यो मोबाईल तेरा पैसं पाठवूंच देईना. रुपायाच्या खाली नाय बोलतो. म्हनलं घ्या रुपाया. वरचं सत्याऐंशी पैसं साहेबाला चायला."

"वहिनी, पैसे भरले म्हणजे कबूल केल्यासारखं होतं!"

"आगं बाय. मी म्हनलं, भरलं की मिटंल."

मिटलं नाही. दहा वाजता साहेब आले, स्टेटमेंट बघितलं, आणि काचेपलीकडून मला चक्क तोंडी हाक मारली. इतका आनंद झाला होता त्यांना. "बघा. गुन्हा नव्हता तर भरपाई कसली?" आणि मग चेहरा गंभीर करून म्हणाले, "शिवाय आता बँकेचं जुळत नाही. बँकेत एक रुपया जास्त आहे, आपल्या पुस्तकात त्याची नोंद नाही. आधी तेरा पैशांचा प्रश्न होता, आता दोन प्रश्न झाले. ते पत्र मी मालकांकडे परत पाठवतोय. कारण लिहून."

"कधी पाठवताय?"

"उद्या. तुमचं काही म्हणणं असेल तर लिहून द्या."

आता माझ्या डोक्यात तिडीक गेली. आजवर मी त्यांना चार-चार शब्दांचे मेसेज टाकत होते, कारण मला वाटायचं ज्याने आयुष्य आकड्यांत काढलं त्याला राउंड ऑफ म्हणजे काय हे समजावणं म्हणजे आचाऱ्याला फोडणी शिकवणं. पण माणूस बँकेतला. त्याच्या काळात आकडा दशांशापुढे दोन घरांचा असायचा आणि दोनच घरांत राहायचा. तिसरं घर त्याने कधी बघितलेलं नव्हतं. मी डबा खायला गेले नाही. मोबाईल समोर ठेवला आणि लिहायला बसले. पहिला मेसेज 'आदरणीय साहेब' पासून सुरू झाला आणि तिसऱ्या ओळीत 'अहो पण तुम्हाला' असा घसरला. तो पुसला. दुसरा इतका सभ्य झाला की त्यात काय म्हणायचंय ते मलाच कळेना. तिसरा पाठवला. तो असा:

"साहेब, कडावच्या तेरा पैशांचा खुलासा.

एक उदाहरण घ्या. दूध ३.७० लिटर, दर ३८ रुपये ४२ पैसे. गुणाकार १४२.१५४ रुपये. म्हणजे १४२ रुपये १५ पैसे, आणि वर पैशाचे चार दशांश. पट्टीवर अर्धामुर्धा पैसा छापता येत नाही, म्हणून मशीन १४२.१५ छापतं. वरचा भाग अर्ध्या पैशापेक्षा कमी असेल तर सोडतं, अर्धा किंवा जास्त असेल तर पुरा पैसा धरतं. वहिनीला यात बटण दाबायला जागाच नाही.

आता माझी शीट. ती पडद्यावर १४२.१५ दाखवते, पण पोटात १४२.१५४ ठेवते आणि बेरीज पोटातल्या आकड्याची करते. अशाच तीन पट्ट्या घ्या. पट्ट्यांची बेरीज ४२६.४५. शीटची बेरीज ४२६.४६२, म्हणजे ४२६.४६. तीन पट्ट्यांत एक पैशाचा फरक पडला, आणि कोणी कशाला हात लावला नाही.

कडावला दहा दिवसांत हजाराच्या वर पट्ट्या निघतात. कुठे थोडं सुटतं, कुठे थोडं चढतं, बरंचसं आपसात फिटतं, उरतं ते हे तेरा पैसे. मागे जुन्या साहेबांच्या वेळी एका पगाराला पट्ट्या नऊ पैशांनी जास्त होत्या. त्याच्या मागच्याला चार पैशांनी. तेव्हा वहिनीने पदरचे घातले होते असं आपण म्हणालो नाही.

पुरावा. आज मी शीटमध्ये प्रत्येक ओळ आधी दोन घरांपर्यंत गोल केली आणि मग बेरीज मारली. ती पट्ट्यांशी पैशाला पैसा जुळते. फाइल सोबत जोडली आहे. दोन्ही बेरजा बरोबर आहेत. एक आधी गोल करून मग मिळवते, दुसरी आधी मिळवून मग गोल करते.

पैसे पट्टीप्रमाणे दिले आहेत आणि पट्टी प्रत्येकाच्या हातात आहे. म्हणून पुस्तकातही पट्टीचीच बेरीज धरावी.

बँकेतला रुपया हा कबुलीजबाब नाही. चारचौघांत चोर म्हटल्यावर माणसाला जे सुचतं ते तिने केलं. तो तिला परत करावा म्हणजे बँकही जुळेल.

साहेब, हे तेरा पैसे कोणी खाल्ले नाहीत. ते कधी नव्हतेच. बाईचं नाव मात्र होतं, ते गेलं."

शेवटची ओळ टाइप झाल्यावर मी थांबले. ती पुसायला बोट गेलंही. मग म्हटलं मरू दे, आणि पाठवून दिलं.

काचेपलीकडे मोबाईल वाजला. साहेबांनी वाचलं. परत वाचलं. खणातून पेन्सिल काढली, पाठकोऱ्या कागदावर ३८.४२ लिहिलं आणि हाताने गुणाकार मांडला, शाळेत मांडतात तसा, एकाखाली एक. मग दुसरा. मग फाइल उघडून कुठलीतरी तिसरीच पट्टी घेतली, कदाचित मी सोयीचं उदाहरण निवडलं असेल म्हणून. त्यांचा चहा निवला, त्यावर साय धरली. मी आपली माझ्या कामात असल्याचं नाटक करत होते आणि एक ओळ तीनदा टाइप करत होते. बऱ्याच वेळाने खिडकीतून आवाज आला.

"म्हणजे शीटमध्ये दिसतं ते नसतं?"

मी म्हटलं, "लिहून देऊ?"

ते हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. खण उघडला, पत्र काढलं, सही केली. रुपया परत पाठवायचा कागद केला, त्यावरही सही केली. मला वाटलं, चला, सुटलो. मी तिथेच वहिनीला फोन लावला. "वहिनी, झालं! सही झाली. उद्या येऊन पत्र घेऊन जा."

"नगं," वहिनी म्हणाली.

"नगं काय? कायम झालीस तू!"

"कायम मी तितं कपाटात झाले. हितं मी अजून चोरच हाय. साहेब रांगेत बोलला ना? मंग रांगेत येऊन सांगूं दे. नायतर पत्र ठेव तुज्याकडं."

मी तिला समजावलं. पीएफ सांगितला, सुट्ट्या सांगितल्या. ती म्हणाली, "तुला पीएफ पायजे तर तू घे." आणि फोन ठेवला. खिडकी उघडीच होती, आणि वहिनीचा आवाज फोनमधूनही कडावहून थेट आल्यासारखा यायचा. साहेबांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते कागदावरच्या गुणाकारांकडे बघत होते. मला खात्री होती की आता ते म्हणणार, बाईला लिहून द्यायला सांगा.

ते म्हणाले, "सकाळी रांग किती वाजता असते?"

परत तीच गाडी, तीच फाइल माझ्या मांडीवर. कडावला पोचलो तेव्हा रांग रस्त्यापर्यंत आली होती. आम्हाला बघून लोक कुजबुजायला लागले. आता काय, पोलीस आणले काय, इथपर्यंत. साहेब काट्यापाशी जाऊन उभे राहिले आणि घसा साफ केला. मग त्यांना काय बोलावं ते सुचेना. खरंच सुचेना, मी बघत होते. आयुष्यभर लिहून घेतलेला माणूस. शेवटी त्यांनी खिशातून मोबाईल काढला, चष्मा वर केला आणि माझा मेसेज पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

तीन पूर्णांक सात लिटर. अडतीस रुपये बेचाळीस पैसे. पैशाचे चार दशांश. रांगेतले लोक कॅन जमिनीवर ठेवून ऐकत होते आणि कोणाला काही कळत असेल असं दिसत नव्हतं. त्या म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, "दुधाचा भाव वाढला काय रं?" "नाय," शेजारी म्हणाला, "ऐक गप." वहिनी मान खाली घालून दूध ओतत होती. थांबली नव्हती. साहेब रुपयापर्यंत आले. 'चारचौघांत चोर म्हटल्यावर' हे त्यांनी वाचलं तेव्हा माझी मान खाली गेली. वाटलं, आता शेवटची ओळ गाळतील. गाळायलाच हवी होती, मी असते तर गाळली असती. त्यांनी ती वाचली. "बाईचं नाव मात्र होतं, ते गेलं." मग मोबाईल खिशात घातला आणि मेसेजमध्ये नसलेलं एक वाक्य म्हणाले.

"ते मी घालवलं. या बाईंनी एक पैसाही खाल्लेला नाही."

हे मात्र सगळ्यांना कळलं. कोणी हसलं नाही. म्हाताऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि टोपी परत घालायचं विसरला. ज्या माणसाला मी इतके दिवस मनातल्या मनात शिव्या मोजत होते, त्याच्याबद्दल एकदम बरं वाटणं मला अजिबात आवडलं नाही. साहेबांनी लिफाफा पुढे केला.

वहिनीने लिफाफ्याकडे बघितलं नाही. मापातलं दूध काट्यावर ओतलं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबली, पट्टी निघाली ती फाडून समोरच्याच्या हातात दिली. मग साहेबांकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज रोजचाच होता.

"हात दुधाचं हायत. तितं टेबलावर ठेवा," ती म्हणाली. "आनि जरा बाजूला व्हा साहेब, रांग खोळंबलीय."

साहेब बाजूला झाले.